डक्टच्या मधोमध १९ मीटरचा वेग, तरी धूळ का साचते? पिटो ट्यूब काय मोजते आणि काय मोजत नाही

प्रश्न: आमचा कारखाना पुण्याजवळ आहे. ग्राइंडिंगची धूळ ओढायला ४०० मिमी व्यासाचा गोल डक्ट टाकलाय. पिटो ट्यूब डक्टच्या मधोमध धरली की मॅनोमीटरवर २१८ पास्कल दिसतात. त्यावरून वेग सेकंदाला १९ मीटर येतो, म्हणजे धूळ वाहून जायला हवी. तरी डक्टच्या तळाशी धूळ साचतेच. ट्यूब खोटं दाखवतेय का? दाबाच्या फरकावरून ती वेग काढते तरी कसा? आणि हीच ट्यूब कूलिंग वॉटरच्या पाइपात चालेल का?

उत्तर:

ट्यूब बहुधा ठीक आहे आणि २१८ पास्कल हा आकडाही खरा असावा. पण तो डक्टमधल्या एकाच बिंदूचा आहे, आणि नेमका सर्वांत वेगवान बिंदूचा. त्यावर तुम्ही सगळ्या डक्टचा हिशेब मांडलात. दुसरं म्हणजे, १९ मीटर हे उत्तर हवेची घनता १.२ धरली तरच येतं, आणि पुण्यात हवा तेवढी जड नसते. पहिल्या चुकीने वेग जास्त दिसतो, दुसरीने कमी. दोन्ही काही अंशी एकमेकींना झाकतात, म्हणून आकडा पाहून शंका येत नाही. दोन्ही सुधारल्या की सरासरी वेग १७ मीटरच्याही खाली उतरतो आणि धुळीचा उलगडा होतो. तो हिशेब पुढे करून दाखवतो, पण त्याआधी ट्यूबच्या आत काय घडतं ते पाहू, कारण बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू होतात.

तुमची ट्यूब म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. आतली नळी नाकाच्या टोकावर उघडते. बाहेरच्या नळीला टोकाला तोंड नसतं. नाकापासून थोडं मागे तिच्या अंगावर गोलाकार रांगेत बारीक भोकं असतात. नाक वाऱ्याच्या तोंडाला धरलं की टोकासमोरची हवा तिथे पूर्ण थांबते. आतली नळी पुढे मॅनोमीटरने बंद असल्यामुळे हवेला जायला वाट नसते. थांबताना हवेच्या वेगातली ऊर्जा दाबात बदलते. त्यामुळे टोकावर दोन गोष्टींची बेरीज मिळते: डक्टमध्ये मुळात असलेला दाब, आणि वेग थांबल्यामुळे वाढलेला दाब. याला टोटल प्रेशर म्हणतात. अंगावरच्या भोकांवरून मात्र हवा न थांबता सरकत जाते, म्हणून तिथे डक्टचा मूळ दाबच मिळतो, म्हणजे स्टॅटिक प्रेशर. टोटलमधून स्टॅटिक वजा केला की फक्त वेगामुळे आलेला दाब उरतो, व्हेलॉसिटी प्रेशर. मॅनोमीटरच्या एका तोंडाला टोटल आणि दुसऱ्याला स्टॅटिक जोडलं की ही वजाबाकी आपोआप होते. त्यावरून वेग असा निघतो:

```
V = sqrt(2 × Δp / ρ)

V  : वेग, मी/से
Δp : टोटल वजा स्टॅटिक, पास्कल
ρ  : त्या जागेच्या हवेची घनता, किग्रॅ/घनमीटर
```

वर्गमूळ आहे हे विसरू नका. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मोठ्या वेगाला हे फायद्याचं असतं, कारण दाबात ४ टक्के चूक झाली तर वेगात २ टक्केच होते. लहान वेगाला तेच अंगावर येतं. पुण्याच्या हवेत ३ मीटर वेगाला जेमतेम ५ पास्कल मिळतात. तुमचा मॅनोमीटर २ पास्कलने इकडेतिकडे होत असेल तर वेग वीस टक्क्यांनी चुकतो. म्हणून ४ मीटरच्या खाली पिटो ट्यूब न वापरता हॉट वायर किंवा पंख्याचा अ‍ॅनिमोमीटर घ्यावा. तुमच्या डक्टमध्ये ती अडचण नाही.

आता ती बारीक भोकं. पिटो ट्यूबची अचूकता नाकापेक्षा त्यांच्यावर जास्त अवलंबून असते. नाकावरून वळसा घेताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब पडतो. पुढे ट्यूबचा उभा दांडा हवेला अडवतो, त्यामुळे दांड्याच्या पुढ्यात दाब थोडा चढतो. भोकं नाकाच्या फार जवळ असतील तर स्टॅटिक कमी दिसेल आणि दांड्याला खेटून असतील तर जास्त. म्हणून प्रचलित बनावटीत भोकं नाकाच्या टोकापासून नळीच्या ८ व्यासांइतकी मागे, आणि दांडा त्याच्याही मागे १६ व्यासांवर ठेवतात. ८ मिमीच्या नळीत हे ६४ मिमी आणि १२८ मिमी होतात. तुमच्या ट्यूबचं नाक एवढं लांब का, याचं कारण हेच. अशा ट्यूबचा गुणांक जवळजवळ १ असतो, म्हणजे वरच्या सूत्रात आणखी कशाने गुणावं लागत नाही.

ही भोकं साधारण १ मिमीची असतात. काठावर पत्र्याची कोर उभी राहिली किंवा कोणी सुईने कोरून भोक मोठं केलं, तर हवा सरळ सरकत नाही आणि स्टॅटिक बिघडतो. नाकावर लहानसा पोचा आला तरी टोटल फारसं बदलत नाही, कारण हवा तिथे तसंही थांबणारच असते. म्हणून ट्यूब घेताना किंवा पेटीतून काढताना भोकांच्या रांगेवरून नख फिरवा. नख अडकलं तर त्या ट्यूबवर भरवसा ठेवू नका.

तुमचा डक्ट फॅनच्या ओढीच्या बाजूला आहे, म्हणजे आत वातावरणापेक्षा कमी दाब आहे. इथे अनेकांचा गोंधळ होतो. समजा स्टॅटिक उणे ८०० पास्कल आहे आणि व्हेलॉसिटी प्रेशर २१८. मग टोटल येईल उणे ५८२. फक्त टोटलची नळी जोडून मॅनोमीटरचं दुसरं तोंड उघडं ठेवलंत, तर उणे ५८२ दिसेल आणि नळ्या उलट्या लागल्या असं वाटेल. ओढीचा डक्ट असो की फुंकीचा, टोटल नेहमी धन तोंडाला आणि स्टॅटिक ऋण तोंडाला. फरक कायम धन येतो. दोन्ही जोडूनही उणे दिसत असेल तर नळ्यांची अदलाबदल झालीय, नाक उलट्या दिशेला आहे, किंवा त्या जागी हवा खरोखरच उलटी फिरतेय.

मोजायचं कुठे आणि किती ठिकाणी

डक्टमध्ये हवेचा वेग सगळीकडे सारखा नसतो. भिंतीजवळ घर्षणाने मंद, मध्यावर जास्त. सरळ लांब डक्टमध्ये सरासरी वेग मध्यबिंदूच्या साधारण ८० ते ८७ टक्के असतो. पण हा आकडा धरून चालू नका, कारण एल्बोच्या मागे हवा एका बाजूला ढकललेली असते आणि हा हिशेब पार कोलमडतो. म्हणून मोजायची जागा अशी निवडा की तिच्याआधी डक्ट किमान साडेसात व्यास सरळ आला असेल आणि पुढेही दोन-तीन व्यास सरळ जात असेल. तुमच्याकडे याचा अर्थ आधी ३ मीटर आणि पुढे मीटरभर. तेवढा सरळ तुकडा मिळत नसेल तर सगळ्यांत लांब असेल तो घ्या आणि बिंदू वाढवा.

गोल डक्टमध्ये एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्यायचे आणि प्रत्येकावर सहा बिंदू. भोकं वरून आणि बाजूने पाडा, तळाला कधीच नको. तिथे साचलेली धूळ भोकातून गळते आणि ट्यूबच्या तोंडातही जाते. नळी ८ मिमीची असेल तर १० ते १२ मिमीचं भोक पुरतं, नाक आधी तिरकं आत घालून मग फिरवायचं. बिंदूंची अंतरं समान नसतात. भिंतीजवळ वेग झपाट्याने बदलतो, म्हणून तिथे बिंदू दाट ठेवतात. लॉग-लिनिअर नावाच्या पद्धतीत ती अंतरं व्यासाच्या ०.०३२, ०.१३५, ०.३२१, ०.६७९, ०.८६५ आणि ०.९६८ पट असतात. ४०० मिमीच्या डक्टला ती १३, ५४, १२८, २७२, ३४६ आणि ३८७ मिमी झाली. मध्यबिंदू यात येतच नाही, हे लक्षात घ्या.

खुणा करताना एक चूक हमखास होते. ही अंतरं डक्टच्या आतल्या भिंतीपासून नाकाच्या मध्यरेषेपर्यंतची आहेत. दांड्यावर चिकटपट्टीने खूण करताना अंतर नाकाच्या मध्यरेषेपासून मोजा आणि पत्र्याची जाडी, भोकाला सॉकेट असेल तर त्याची उंची, मिळवा. १३ मिमीच्या बिंदूवर ५ मिमीची चूक झाली तर तिथला आकडा वेगळ्याच जागेचा असतो.

भोक आणि दांडा यांमधली फट पुटीने किंवा रबरी ग्रोमेटने बंद करा. ओढीच्या डक्टमध्ये या फटीतून बाहेरची हवा जोरात आत घुसते, आणि ट्यूब भिंतीजवळ असताना ती धार थेट भोकांच्या रांगेजवळ पोचते. पहिल्या बिंदूचा आकडा विचित्र येतोय आणि बाकीचे ठीक आहेत, असं दिसलं की आधी ही फट बघा.

नाक प्रवाहाच्या नेमकं समोर हवं. दहाएक अंशांपर्यंत तिरकं झालं तर चांगल्या ट्यूबमध्ये फरक किरकोळ पडतो, कारण टोटल आणि स्टॅटिक दोन्ही थोडे उतरतात आणि वजाबाकीत बरंचसं सावरलं जातं. त्यापुढे मात्र घसरण होते. दांड्याच्या वरच्या टोकाला स्टॅटिकचं आडवं तोंड असतं, ते नाकाशी समांतर असतं. तेच डक्टच्या अक्षाशी जुळवून धरा. प्रत्येक बिंदूवर आकडा स्थिरावायला दहा-पंधरा सेकंद द्या. आकडा नाचत असेल तर मॅनोमीटर सरासरीवर ठेवा, डोळ्यांनी मधला आकडा निवडू नका.

घनता पुण्याची धरा

१.२ ही घनता समुद्रसपाटीच्या दाबाला आणि वीस अंशांच्या आसपासच्या हवेला लागू आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब ९४,८०० पास्कलच्या घरात असतो. घनता काढायला दाबाला २८७ ने आणि केल्विनमधल्या तापमानाने भागायचं. डक्टमधली हवा ३० अंशांची असेल तर ९४,८०० भागिले (२८७ × ३०३), म्हणजे १.०९. मुंबईत त्याच तापमानाला १.१६५ येते.

दाब मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपवरून घेऊ नका. अ‍ॅप समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं, म्हणून पुण्यातही १०१० मिलिबारच्या आसपास दिसतं. तुम्हाला तुमच्या शेडमधला प्रत्यक्ष दाब हवाय. फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असेल तर त्याचा कच्चा आकडा चालतो. नाहीतर उंचीवरून काढलेला दाबही पुरेसा आहे, कारण रोजच्या हवामानाने तो फार तर एक टक्क्याने हलतो.

डक्टमधला उणे ८०० पास्कल आणि हवेतला ओलावा यांनी घनता आणखी थोडी उतरते. पावसाळ्यातल्या दमट हवेतही ओलाव्याचा परिणाम दीडएक टक्का, आणि वेगावर त्याच्या निम्मा. या कामासाठी दोन्ही सोडून देतो. हवा गरम असेल तर मात्र काहीच सोडून चालत नाही: १२० अंशांच्या हवेची घनता पुण्यात ०.८४ वर येते.

हिशेब

तुमच्या मध्यबिंदूचे २१८ पास्कल तसेच ठेवून, बऱ्यापैकी सरळ डक्टमध्ये बाकीचे बिंदू जसे येतात तसे उदाहरणासाठी घेतो. तुमचे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे असतील, रीत हीच.

```
वरून   : 112  155  192  201  164  118  Pa
बाजूने  : 109  150  188  198  160  115  Pa
```

आधी प्रत्येक आकड्याचं वर्गमूळ, मग बारा वर्गमुळांची सरासरी. ती १२.३८ येते. घनता १.०९ असताना २ भागिले १.०९ चं वर्गमूळ १.३५५. दोहोंचा गुणाकार १६.८ मीटर प्रति सेकंद. हा तुमच्या डक्टचा सरासरी वेग. डक्टचं क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मीटर, म्हणजे हवा सेकंदाला २.११ घनमीटर, तासाला सुमारे ७,५९० घनमीटर. सीएफएममध्ये ४,४६५ च्या आसपास.

तुमच्या रीतीने काय आलं होतं? मध्यबिंदू २१८, घनता १.२, वेग १९.१, हवा तासाला ८,६२० घनमीटर. प्रत्यक्षात त्याहून १२ टक्के कमी आहे. नुसती घनता सुधारून मध्यबिंदूच धरला असतात तर वेग २० मीटर दिसला असता, म्हणजे चूक आणखी वाढली असती. उलट बारा बिंदू घेऊन घनता १.२ च ठेवली असती तर १६ मीटर आले असते, खऱ्यापेक्षा पाच टक्के कमी. म्हणून दोन्ही गोष्टी एकदमच सुधाराव्या लागतात.

औद्योगिक धूळ आडव्या डक्टमध्ये तरंगत ठेवायला सरासरी वेग साधारण १८ ते २३ मीटर धरतात. धूळ जितकी जड तितका वरचा आकडा. ग्राइंडिंगच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, ती हलकी नाही. १६.८ मीटर तिला कमी पडतात. वरच्या आकड्यांत भिंतीजवळचा १०९ पास्कल पाहा: तिथला वेग १४ मीटरच आहे, आणि तळाशी घसरलेल्या कणाला तोच वेग मिळतो.

सरासरी दाबांची काढून मग एकच वर्गमूळ घेऊ नका. वरच्या उदाहरणात त्याने अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो, म्हणून बरेच जण ही सूट घेतात. पण एल्बोच्या मागे अर्ध्या डक्टमध्ये २५ पास्कल आणि अर्ध्यात २२५ असतील, तर वर्गमुळं ५ आणि १५, त्यांची सरासरी १०. दाबांची सरासरी १२५, तिचं वर्गमूळ ११.२. वेग थेट १२ टक्क्यांनी फुगला, आणि तोही जिथे मोजणी आधीच अवघड आहे अशा जागी.

आकडे लिहून झाले की त्यांच्याकडे एकदा नीट बघा. भिंतीकडून मध्याकडे ते चढत जायला हवेत आणि दोन्ही व्यासांची सरासरी एकमेकींच्या जवळ यायला हवी. सर्वांत मोठ्या आकड्याच्या दहाव्या भागाहूनही लहान असे आकडे बारापैकी तीनाहून जास्त आले, किंवा काही उणे आले, तर तिथे हवा गिरक्या घेतेय. गणित कितीही नेमकं केलं तरी त्या जागेचं उत्तर धरू नये, दुसरी जागा शोधावी.

वेग १९ मीटरवर न्यायचा असेल तर हवा १३ टक्क्यांनी वाढवावी लागेल. फॅनचे फेरे तेवढेच वाढवले की मोटरवरचा भार घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे ४५ टक्के. पुली बदलण्याआधी मोटरचा चालू करंट नेमप्लेटशी ताडून बघा. त्याआधी डक्टच्या तळाची धूळ काढून पुन्हा मोजा. धुळीच्या थराने वाट अरुंद होते, आणि ४०० मिमीवरून काढलेलं क्षेत्रफळ तेव्हा खरं नसतं. थर जाड असेल तर वरून घातलेल्या ट्यूबचा ३८७ मिमीचा बिंदू थेट धुळीतच जातो.

काय बिघडतं आणि कसं कळतं

सुरुवात शून्यापासून. दोन्ही नळ्या काढून मॅनोमीटर शून्यावर आणा. तिरका मॅनोमीटर असेल तर त्याची पातळी बुडबुड्याने जुळवा. मग गळती: स्टॅटिकची नळी मॅनोमीटरवरून काढा, नाकाच्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा बसवून त्यातून हळूच, मॅनोमीटरच्या मर्यादेतच दाब द्या आणि तुकडा चिमटून धरा. आकडा मिनिटभर जागेवर राहायला हवा. सावकाश उतरत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे, आणि टोटलच्या बाजूची गळती वेग बिघडवतेच.

धुळीच्या डक्टमध्ये खरा शत्रू म्हणजे १ मिमीची भोकं बुजणं. ती अर्धवट बुजली की आकडा लगेच चुकत नाही, आधी आळशी होतो: ट्यूब एका बिंदूवरून दुसऱ्यावर नेली तरी मॅनोमीटर हळूहळू सरकतो. हे दिसताच थांबा, दोन्ही रबरी नळ्या मॅनोमीटरवरून काढा आणि मागून कोरड्या हवेने ट्यूब फुंका. मॅनोमीटर जोडलेला असताना फुंकलं तर त्याचा सेन्सर जातो. पूर्ण बुजलेली ट्यूब याहून घातक असते, कारण कोंडलेला दाब धरून ती स्थिर, विश्वासार्ह वाटणारा आकडा दाखवत राहते. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या अपघाताची सुरुवात पिटो ट्यूब बर्फाच्या कणांनी बंद होण्यापासून झाली होती. डक्टमध्ये पडताळा सोपा आहे: सगळे बिंदू झाल्यावर पहिल्या बिंदूवर परत या. आकडा पहिल्यासारखा आला नाही तर मधली मोजणी पुन्हा करा.

शक्य असेल तर फिल्टरच्या पुढे, स्वच्छ हवेच्या डक्टमध्येच मोजा. मध्ये गळती नसेल तर हवा तेवढीच असते. धुळीतच मोजायचं तर एस-टाइप ट्यूब घ्या. तिची दोन्ही तोंडं मोठी असतात, एक प्रवाहाकडे आणि एक पाठीकडे. पाठीकडचं तोंड स्टॅटिकपेक्षाही कमी दाब घेतं, म्हणून फरक जास्त येतो आणि वेगाला सुमारे ०.८४ ने गुणावं लागतं. नेमका गुणांक त्या ट्यूबच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावरचा घ्या.

पावसाळ्यात एक गोष्ट हमखास होते: रबरी नळीत पाण्याचा थेंब अडकतो. उभ्या नळीत ५ मिमी पाणी राहिलं तर त्याचाच दाब ४९ पास्कल. तुमच्या २१८ पुढे हे थोडं नाही. शून्य नीट असूनही सगळे आकडे एकाच दिशेने सरकलेले वाटले तर नळ्या प्रकाशात धरून बघा. म्हणूनच नळ्या पारदर्शक घ्याव्यात.

पाण्याच्या पाइपात

तत्त्व तेच. आंरी पिटोने हे उपकरण १७३२ मध्ये पाण्यासाठीच बनवलं, पॅरिसमध्ये सेन नदीचा वेग मोजायला. सूत्रही तेच, फक्त घनता १००० धरायची. त्यामुळे दाब खूप मोठे येतात. १ मीटर वेगाला ५०० पास्कल, म्हणजे ५१ मिमी पाणी. २ मीटरला २०४ मिमी. हवेत १ मीटर वेगाचा अर्धा पास्कल मोजता येत नाही, पाण्यात तोच वेग साध्या यू-ट्यूबवर दिसतो.

पाण्यात थेंबाची जागा बुडबुडा घेतो. जोडनळीच्या उभ्या भागात २० मिमीचा हवेचा बुडबुडा राहिला तर फरक जवळजवळ २० मिमीनेच चुकतो. ५१ चे ३१ झाले तर वेग १ मीटरऐवजी ०.७८ दिसतो. म्हणून दोन्ही नळ्यांना सर्वांत उंच जागी ब्लीड कॉक हवा, आणि वाचन घेण्याआधी बुडबुडे येणं थांबेपर्यंत पाणी सोडायचं. नळ्या पाइपापासून मॅनोमीटरकडे सलग चढत्या न्या, मध्ये कमान नको, कमानीत हवा अडकते. शून्यही नळ्या पाण्याने भरल्यावर, दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून तपासा.

हवेची ट्यूब तशीच पाइपात घालू नका, त्याची दोन कारणं. कूलिंग टॉवरच्या पाण्यातला गाळ आणि शेवाळ १ मिमीची भोकं लवकर बुजवतात. मोठ्या तोंडांची, पाण्यासाठी बनवलेली ट्यूब घ्यावी. आणि पाइपात दाब असतो. ३ बारच्या पाइपात ट्यूब ग्लँड आणि बॉल व्हॉल्व्हमधून, मागे सरकू नये म्हणून साखळी किंवा क्लँप लावूनच घालतात. ८ मिमीच्या दांड्यावर ३ बारचा ढकल दीड किलो वजनाएवढाच असतो, पण ग्लँड सैल करताना ट्यूब निसटली तर त्या भोकातून पाण्याची धार थेट अंगावर येते. शिवाय लांब दांडा वेगवान पाण्यात थरथरतो. हाताला कंप जाणवला तर तो वेग त्या दांड्याला झेपत नाही असं समजा आणि जाड दांड्याची ट्यूब वापरा. पाइपाचा व्यासही नळीच्या तुलनेत पुरेसा मोठा हवा. १०० मिमीच्या पाइपात ८ मिमीचा दांडा मध्यापर्यंत गेला तरी तो वाटेचा पाच टक्के भाग अडवतो आणि ज्याचा वेग मोजायचा तो प्रवाहच बदलतो. तेवढ्या लहान पाइपाला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर बरा. पिटो ट्यूब ३०० मिमीपासून वरच्या पाइपांना वापरा.